मदत हवी आहे: वाळूच्या ढिगाचा परीघ आणि उंची मोजली आहे, ब्रास किती भरेल?

जुळे_सोलापूरकर

वरच्या मजल्याचं काम काढलंय. काल धुतलेली क्रश सँड तीन ब्रास म्हणून टाकून गेले. मी कामावर होते, त्यामुळे गाडीचा हौदा मोजता आला नाही. आता अंगणात ढीग आहे, जमीन सपाट आहे आणि आकार बऱ्यापैकी गोल आहे. एकीकडून रुंदी पंधरा फूट, दुसरीकडून साडेपंधरा.

टेपने परीघ 48 फूट आला. मधली उंची 4 फूट 4 इंच. मुलीच्या पुस्तकातलं शंकूचं सूत्र परिघात बसवून घेतलं:

V = C² × h / (12π)

12π म्हणजे 37.7. उत्तर आलं 265 घनफूट, म्हणजे 2.65 ब्रास. पस्तीस घनफूट कमी! पैसे उद्या द्यायचे आहेत. भांडायच्या आधी विचारते, हा हिशोब बरोबर आहे का? कुठेतरी वाचलं की वाळूचा अँगल ऑफ रिपोज धरला तर जास्त नेमकं येतं. तो कसा वापरायचा?

छत्तीसवाला

एवढं कशाला करताय ताई. परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. 48 चा सहावा 8, वर्ग 64, गुणिले 4.33 म्हणजे 277. पावणेतीन ब्रासच्या वर आहे. आमच्याकडे धान्याची रास अशीच मोजायचे, कधी चुकली नाही. कोनाबिनाची काही गरज नाही.

निवृत्त_गणित_शिक्षक

छत्तीसवाले, तुमची रीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे, 1150 सालची. पण त्यात पाय 3 धरलाय. म्हणून 37.7 च्या जागी 36 येतो आणि उत्तर पावणेपाच टक्के फुगतं. ताईंच्या ढिगात हे बारा घनफूट होतात, पैशाच्या व्यवहारात सोडण्यासारखे नाहीत.

आणि कोनाची गरज नाही असं त्या ग्रंथात म्हटलेलं नाही, उलट कोन त्यात दडलेला आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा, असं तिथे सांगितलंय. दहावा भाग म्हणजे 32 अंशांचा उतार, अकरावा म्हणजे साधारण 30, नववा म्हणजे 35. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून रास उभट राहते. क्रश सँडचंही तसंच. तिचे दाणे कोनदार असतात, नदीच्या वाळूसारखे घासून गोल झालेले नसतात.

आता ताई, तुमचे आकडे बघा. 48 भागिले 4.33 म्हणजे अकरा. उतार 30 अंशांच्याही किंचित खाली आला. ओलसर क्रश सँडला हा फार कमी वाटतो. माझा अंदाज आहे की तुमचा ढीग पुरा शंकू नाही. वरचं टोक कसं आहे? आणि उताराच्या मधल्या भागावर सरळ फळी टेकवून, त्यावर मोबाइल ठेवून कोन बघा. चारही बाजूंनी बघा.

जुळे_सोलापूरकर

सर, लगेच बघून आले. टोक नाहीच! वर सपाट आहे, दोन फूट रुंद असेल. कोन चार बाजूंना 33, 34, 34, 35 आला. म्हणजे 34 धरू का?

मालदांडी

मधेच विचारतो, माफ करा. मी मंगळवेढ्याकडचा. आमची ज्वारीची रास गोदामात भिंतीला लावलेली असते, गोल परीघ मिळतच नाही. मग हे सूत्र कसं चालायचं?

निवृत्त_गणित_शिक्षक

मालदांडी, भिंतीला टेकलेली रास म्हणजे अर्धा शंकू. दिसतो तेवढा कंस मोजा, दुप्पट करा, पूर्ण राशीचा हिशोब करा आणि उत्तराचं अर्ध घ्या. आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट करून चौथा भाग. हेही लीलावतीतच आहे.

ताई, 34 धरा. आता उंची बाजूला ठेवायची आणि परीघ व कोन यांवरून जायचं:

V = C³ × tan θ / (24π²)

tan 34° = 0.6745, आणि 24π² = 236.9. पण इथे परिघाचा घन आहे, तेव्हा टेपमध्ये दोन टक्के चूक झाली तर उत्तरात सहा टक्के होते. 48 तसेच टाकले तर 315 येतील, ते मला जास्त वाटतात. ढिगाच्या पायाशी वाळूचा पातळ थर पसरतो, टेप त्याच्या बाहेरून गेली असणार. दोन बोटांपेक्षा पातळ थर झाडूने आत ओढा, मग मोजा.

जुळे_सोलापूरकर

केलं. आता 46 फूट 6 इंच आला. हिशोब केला तर 286 घनफूट.

निवृत्त_गणित_शिक्षक

छान. आता पडताळा घेऊ. परीघ 46.5 म्हणजे त्रिज्या 7.4 फूट. 34 अंशांनी टोकापर्यंत गेला असता तर उंची 5 फूट झाली असती. तुमची 4 फूट 4 इंच आहे, म्हणजे वरचे आठ इंच कापले गेलेत. तेवढ्या उंचीवर सपाट भाग जेमतेम दोन फूट रुंद यायला हवा, आणि तुम्ही दोन फूटच सांगितलात. आकडे एकमेकांना धरून आहेत. 48 फूट खरे असते तर सपाटी जवळजवळ अडीच फूट भरली असती.

आणि कापलेल्या त्या टोकात वाळू किती? पाऊण घनफूटही नाही. पण ते नसल्यामुळे उंची कमी भरते, आणि शंकूचं सूत्र ती कमी उंची सगळ्या ढिगाला लावतं. 46.5 फुटांवर उंचीचं सूत्र 248 सांगतं आणि कोनाचं 286. फरक तिथे आहे. माझ्या मते तुमच्या दारात साधारण 2.85 ब्रास आहे.

साईट_सुपरवायझर

सरांचं गणित मान्य, पण ढीग ओला आहे की. ओली वाळू फुगते, दाण्यांभोवतीचं पाणी त्यांना लांब धरतं. काचेच्या सरळ बरणीत ती सैल भरा, वीस सेंटिमीटरपर्यंत. मग ती बाहेर काढा, बरणीत अर्ध पाणी घ्या, वाळू परत टाका आणि ढवळा. पूर्ण बुडालेली वाळू फुगलेली राहत नाही. किती खाली बसली ते सांगा.

जुळे_सोलापूरकर

17 वर बसली.

साईट_सुपरवायझर

म्हणजे तीन भागिले सतरा, साडेसतरा टक्के फुगवटा. 286 ला 1.176 ने भागलं तर 243. कोरडी वाळू 2.43 ब्रास. मिस्त्री घमेल्याने माप घेतो तेव्हा हेच लक्षात ठेवायला सांगा, नाहीतर मसाल्यात वाळू कमी पडते.

छत्तीसवाला

पण ब्रास हा हौद्याच्या मापाचा असतो ओ. लांबी, रुंदी, उंची गुणून शंभरने भागायचं. ओली असो की कोरडी, हौदा भरला तर तीन ब्रास. दुकानदार फुगवट्याचे पैसे का सोडेल?

साईट_सुपरवायझर

पाण्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे मग? मी तर बिलातून वजा करूनच देतो.

जुळे_सोलापूरकर

2.85 चं गणित कागदावर मांडून दुकानदाराला दाखवते, पंधरा घनफुटांबद्दल बोलते. फुगवट्याचं बोलावं की नाही ते अजून ठरत नाहीये. पुढची गाडी येईल तेव्हा रिकामी व्हायच्या आधी हौदा मोजणार. मालदांडी, तुमच्या राशीचा कोन मोजलात तर इथे टाका, ज्वारीला दहावा भाग लागतो की अकरावा, बघायचंय.