खेर जमिनीतल्या भाताला युरिया कधी, किती आणि कुठला?

पेडणेकर_रविवारचा: 4000 चौरस मीटर भात, ज्योती. जमीन खेर, रेताड, आज भरलेलं पाणी परवा गायब. लावणी होऊन पाच दिवस झाले. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश दिलंय, नत्र अजून काहीच नाही. गेल्या वर्षी दहाव्या दिवशी दीड बॅग युरिया एकदम फेकला, भर दुपारी, घोटाभर पाण्यात. रात्री असा कोसळला की मेर फुटली. पंधरा दिवस शेत हिरवंगार, मग खालची पानं शेंड्याकडून पिवळी. गंमत म्हणजे खालच्या शेजाऱ्याचं भात जिथून पाणी शिरलं तिथे काळंभोर! दोन बॅगांच्या वर 500 रुपयेच खर्च करू शकतो. कोटेड काही घ्यावं का?

कुळागरवाला: आम्ही माडा-पोफळींना शेणखतच घालतो. युरियाने जमीन मरते.

पेडणेकर_रविवारचा: भाताचं विचारलंय हो.

पॉलीहाऊस_डिचोली: पॉलिमर कोटेड घ्या. मी ढोबळी मिरचीला वापरतो, एकदा घातलं की चार महिने बघायला नको. महाग आहे, पण क्वालिटीला पैसा लागतोच.

सत्तरीचो_शेतकार: 500 म्हणालाय तो, वाचलं का? आणि कोटेड वेगळं कशाला, 2015 पासून सगळा युरिया निंबोळी तेलाचाच मिळतो. कडुनिंब असला की उडत नाही. बॅग मात्र 50 ची 45 किलो केली, त्याबद्दल कोण बोलणार?

निवृत्त_कृषी_सहायक: सत्तरीबाब, अर्धं बरोबर. कडुनिंबामुळे अमोनियमचं नायट्रेट होणं लांबतं. नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातं, म्हणून झिरपणाऱ्या जमिनीत त्याचा थोडा फायदा आहे. पण हवेत उडतो तो अमोनिया, आणि तो त्याच्या आधीच्या पायरीवर सुटतो. तिथे कडुनिंब काही करत नाही.

पेडणेकर, तुमचं दोन्हीकडून गेलं. साचलेल्या पाण्यातलं शेवाळ दुपारी उन्हात पाण्याचा सामू चढवतं, मग अमोनिया वायू होऊन जातो. आपली माती आंबट असली तरी त्या पाण्यात आणि विरघळणाऱ्या दाण्याभोवती आंबटपणा उरत नाही. जो युरिया तसाच होता तो पावसाबरोबर मेरेवरून गेला. युरिया स्वतः मातीला धरून राहत नाही, रेतीत तर नाहीच.

हिशेब असा. हेक्टरी 100 किलो नत्र धरलं तर तुम्हाला 40 किलो, म्हणजे सुमारे 87 किलो युरिया. दहाव्या दिवशी 20 किलोच, तरव्याची मुळं तोवर नुकती लागलेली असतात. फुटवे येताना, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, 35. उरलेला पोटरीच्या आधी. दिवस मोजू नका, जाड काडी ब्लेडने उभी चिरा. आत तळाशी मिलिमीटरभर पांढरा लवदार कोंब दिसला की वेळ झाली. प्रत्येक वेळी पाणी काढून चिखलावर संध्याकाळी टाका, कोळप्याने किंवा पायाने मातीत मिसळा, एका दिवसाने पाणी घ्या. आकाश काळं असेल तर थांबा.

खाजनकार: आमच्याकडे युरिया-डीएपीच्या गोळ्या. चार चुडांच्या मधोमध चार बोटं खोल दाबायच्या, एकदाच. मानशीतून पाणी आलं-गेलं तरी हलत नाही. निम्म्याला निम्मा वाचतो.

निवृत्त_कृषी_सहायक: तुमची चिकण माती आहे, म्हणून. खेरीत तीच गोळी विरघळून मुळांच्या खाली उतरेल.

खाजनकार: माझ्या मामाची खेरच आहे, त्यांना चालली.

सत्तरीचो_शेतकार: आणि ते गंधकाचा थर दिलेलं ‘युरिया गोल्ड’? आमच्या सोसायटीत अजून आलं नाही.

निवृत्त_कृषी_सहायक: त्यात नत्र 37 टक्के आणि बॅग 40 किलोची. म्हणजे बॅगेत 15 किलोला थोडं कमी, साध्या बॅगेत 20.7. हळू सुटतं हे खरं, पण बॅगेला बॅग धरलीत तर भात उपाशी राहील.

पॉलीहाऊस_डिचोली: म्हणूनच म्हणतो, पॉलिमर.

पेडणेकर_रविवारचा: सगळ्यांचे आभार. पण माझी ड्युटी वेर्ण्याला, घरी येईपर्यंत काळोख. संध्याकाळ जमणार नाही, तीन हप्तेही नाहीत. साधा युरियाच घेतो, दहाव्या दिवसाचा हप्ता सोडतो. फुटव्यांच्या वेळी 45 किलो, रविवारी पहाटे साडेपाचला पाणी काढून, दुसरी बॅग काडी चिरून. 500 रुपयांत कोळपं ढकलायला एक माणूस सांगितलाय.

निवृत्त_कृषी_सहायक: पहिला हप्ता सोडू नका, फुटवे कमी येतील. दहा किलो तरी टाका.

पेडणेकर_रविवारचा: त्या दिवशी बुधवार आहे.

खाजनकार: गोळ्या घेतल्या असत्या तर एकच रविवार लागला असता.