आजीसाठी टीव्हीचा हेडफोन: डॉकवाला आरएफ घ्यावा की ब्लूटूथ?

मृण्मयी_क
मंडळी, मदत हवी आहे. आजी ८३ वर्षांची आहे. उजव्या कानाला कानामागचं श्रवणयंत्र आहे, डावा कान त्यामानाने बरा. टीव्ही कितीही मोठा केला तरी ती म्हणते, "आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत." बाकीच्यांना तो आवाज सोसवत नाही.

भावाचा ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिला. शब्द कळू लागले, पण थोड्या वेळाने तिने काढून ठेवला. ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं, अशी तिची तक्रार. ती अर्धं बोलणं ओठांवरूनच समजून घेते, त्यामुळे आमच्यापेक्षा तिला हे जास्त जाणवतं.

संधिवातामुळे तिला चार्जिंगची बारीक पिन खोचता येत नाही, म्हणून स्टँडवर नुसता ठेवला की चार्ज होणारा आरएफ, म्हणजे रेडिओलहरींवर चालणारा, हेडफोन मनात आहे. टीव्हीला हेडफोनचा जॅक नाही, मागे ऑप्टिकल आउट आहे. आजी ऐकत असताना बाकीच्यांनाही टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू यायला हवं. हे जमेल का?

सागर७७
भावाचा हेडफोन जुना असेल. ब्लूटूथ ५ किंवा त्यापुढचा घ्या, उशीर राहत नाही. फोनवर व्हिडिओ बघताना मला कधीच फरक जाणवला नाही.

तारवाला
सागर, फोनवर जाणवत नाही कारण फोनला हेडफोनचा उशीर माहीत असतो आणि बहुतेक ॲप चित्रच तेवढं थांबवून दाखवतात. टीव्हीत, विशेषतः सेट-टॉप बॉक्सवरून येणाऱ्या चित्रात, ती सोय बहुधा नसते. आवृत्तीचा आकडा ५ असला म्हणून उशीर जात नाही. तो ठरतो कोडेकवर, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर. टीव्ही आणि हेडफोन यांच्यात साधं एसबीसी असेल तर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. एपीटीएक्स लो लेटन्सीत ते चाळीसच्या आसपास येतं, पण ते दोन्ही बाजूंना असावं लागतं आणि टीव्हीत ते क्वचितच सापडतं.

आवाज चित्रापेक्षा साधारण सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की सामान्य प्रेक्षकाला ते कळू लागतं, असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत धरलं आहे. ओठ वाचणाऱ्या माणसाला त्याच्या आधीही खटकू शकतं. आजींची तक्रार अगदी खरी आहे.

आरएफमध्ये दोन जाती आहेत. जुन्या ॲनालॉग सेटमध्ये उशीर जवळजवळ शून्य, पण मागे बारीक खरखर असते आणि टीव्ही बंद केला की कधीकधी एकदम मोठा खळखळाट कानात येतो. म्हाताऱ्या माणसाला तो दचकवतो. २.४ गिगाहर्ट्झवरच्या डिजिटल सेटमध्ये खरखर नाही, उशीर थोडा असतो पण सहसा जाणवत नाही. सेनहायझरचं जुनं आरएस १२० पहिल्या जातीचं, आरएस १७५ दुसऱ्या. तुम्ही दुसरी जात बघा, आणि खोक्यावर ऑप्टिकल इन लिहिलंय ना ते तपासून घ्या.

वैशाली_दे
आमच्याकडे सासऱ्यांसाठी साउंडबार आणला, त्यात संवाद स्पष्ट करणारा मोड आहे. तोच घ्या ना, कानाला काही लावायची भानगड नाही.

मृण्मयी_क
वैशालीताई, साउंडबारने शब्द स्पष्ट झाले तरी तिला लागेल तेवढा आवाज सगळ्या खोलीत घुमणार. अडचण तिथेच आहे.

तारवाला, धन्यवाद! मैत्रिणीकडून ऑप्टिकलवाला डिजिटल सेट चाचणीपुरता आणला आहे. बातम्या छान ऐकू येतात, ओठ आणि आवाज जुळतात, आजी खूश आहे. पण टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावला की हेडफोन एकदम मुका. स्पीकरवर आवाज चालूच असतो. सेट बिघडला असेल का?

तारवाला
सेट ठीक आहे. बातम्या साध्या स्टिरिओत येतात, सिनेमाचा आवाज डॉल्बीत. टीव्ही तो डॉल्बी प्रवाह जसाच्या तसा ऑप्टिकलमधून सोडतो आणि हेडफोनच्या डॉकला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटचा पर्याय शोधा. तिथे `Auto` किंवा `Bitstream` असेल, ते `PCM` करा. पुढे कधी सेट-टॉप बॉक्सवरच्या एखाद्याच वाहिनीला असं झालं, तर बॉक्सच्या सेटिंगमध्येही आवाज स्टिरिओ करा.

स्पीकर आणि ऑप्टिकल एकाच वेळी चालणं टीव्हीवर अवलंबून असतं. काही टीव्हींत त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो, पण तुमच्याकडे दोन्ही चालतंय म्हणजे तो प्रश्न मिटला. बहुतेक टीव्हींत ऑप्टिकलचा आवाज रिमोटने कमीजास्त होत नाही. इथे ते सोयीचंच आहे: आजी हेडफोनवर स्वतःचा आवाज ठेवतील, तुम्ही रिमोटवर तुमचा.

मृण्मयी_क
`PCM` केलं आणि सिनेमा बोलू लागला! आता दुसरं. रात्री डॉकवर ठेवलेला हेडफोन सकाळी अर्धाच चार्ज असतो. डॉकची वायर टीव्हीच्या यूएसबीत लावली आहे.

सागर७७
बॅटरी म्हातारी झाली असेल. बदलून टाका.

अनुराधा_एम
बॅटरीआधी वायर बघा. आईच्या सेटचं हेच झालं होतं. टीव्ही बंद झाला की त्याच्या यूएसबीचा वीजपुरवठाही बंद होतो, म्हणजे रात्रभर चार्जिंग होतच नाही. डॉकचा स्वतःचा ॲडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि ते बटण कोणी बंद करू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवा. हेडफोन ठेवल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो की नाही, हेही आजींना दाखवून ठेवा. थोडा वाकडा बसला तर संपर्काच्या पट्ट्या टेकत नाहीत. पट्ट्या अधूनमधून कोरड्या कापडाने पुसायच्या.

सागर म्हणतात तसे सेल बदलायची वेळ आलीच, तर सेटमध्ये आहेत त्याच प्रकारचे रिचार्जेबल सेल घाला. साधे अल्कलाइन सेल घालून डॉकवर ठेवू नका, ते गळतात.

मृण्मयी_क
भिंतीवरच्या सॉकेटला लावलं, सकाळी पूर्ण चार्ज! एकच अडचण उरली. हेडफोनची उजवीकडची गादी श्रवणयंत्रावर दाबली गेली की यंत्र शिट्टी मारतं.

अनुराधा_एम
आई यंत्र काढून ठेवते आणि हेडफोनवर आवाज वाढवते. तिचं चालतं.

तारवाला
तुमच्या आईंचं चालत असेल, पण सगळ्यांचं चालेलच असं नाही. यंत्र त्या कानाला कमी ऐकू येणारे वरचे स्वर मोजून वाढवतं. हेडफोन सगळंच सारखं वाढवतो, त्यामुळे यंत्र काढल्यावर पुन्हा "आवाज येतो, शब्द नाहीत" होऊ शकतं. शिट्टी येते कारण यंत्राचा मायक्रोफोन गादीखाली झाकला जातो आणि यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत त्यातच शिरतो. ज्याची खोलगट गादी अख्ख्या कानाभोवती बसते, असा सेट लावून बघा. कानावर टेकणाऱ्या गादीत हे जास्त होतं.

श्रवणयंत्र कंपन्यांचे टीव्ही स्ट्रीमर आवाज थेट यंत्रात सोडतात, पण आजींना यंत्र एकाच कानाला आहे. त्यांचा बरा कान त्यातून सुटेल.

मृण्मयी_क
यंत्र काढून बातम्या लावल्या. पुरुष निवेदकाचं बहुतेक कळलं, बाईंचं बरंच निसटलं. या सेटवर डाव्या-उजव्या कानाचा आवाज वेगळा करायची कळ आहे. ती डावीकडे वळवली तर तिला बरं वाटतं, पण उजव्या कानाचं काय, हा प्रश्न उरतोच. पुढच्या आठवड्यात ऑडिओलॉजिस्टकडे सेट बरोबरच नेते, यंत्रासकट आणि यंत्राशिवाय दोन्ही तिथे बघू. मोठ्या गादीचा, ऑप्टिकलवाला सेट कोणी श्रवणयंत्रावर प्रत्यक्ष वापरत असेल तर कृपया इथे लिहा. परत न करता येणारी वस्तू घ्यायच्या आधी मला ते कळायला हवं.