मदत हवी आहे: शेजारच्या आजींना निरोप देताना नेमकं काय बोलू?

आमच्या शेजारच्या आजी या रविवारी मुलाकडे, दुसऱ्या शहरात कायमच्या राहायला जात आहेत. घर विकलं आहे, त्यामुळे परत येणं जवळजवळ नाहीच. छोट्या निरोप समारंभात शेजाऱ्यांच्या वतीने मी दोन मिनिटं बोलायचं ठरलंय.

अडचण अशी की आजी मनापासून जात नाहीयेत. एकटं राहणं झेपेना म्हणून त्यांनी होकार दिला. मुलगा-सून समोरच बसलेले असतील. दोघं फार प्रेमाने नेत आहेत, त्यांना टोचेल असं काही नको. पहिल्या मसुद्यात मी 'आता नातवंडांत रमा, आराम करा' असं लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर त्यांचं इथलं आयुष्य संपलं असं सांगितल्यासारखं वाटलं, म्हणून काढलं. 'तुमच्याशिवाय कसं होणार' हेही काढलं, त्याने त्यांचा पाय अजूनच अडेल.

आता मधला भाग जमलाय: माझी मुलगी लहान असताना मी कामावरून येईपर्यंत त्या तिला रोज आपल्याकडे बसवून वाचायला शिकवायच्या, तेवढा एकच प्रसंग. आजींना कमी ऐकू येतं, म्हणून वाक्यं छोटी ठेवलीत आणि तेच मोठ्या अक्षरात लिहून हातातही देणार आहे. कविता किंवा सुविचार नकोत.

अडलंय ते शेवटाशी. 'पुन्हा भेटू' म्हणणं खोटं वाटतं. दर रविवारी फोन मात्र मी नक्की करू शकते. त्यांचं दुःख न नाकारता आणि मुलाला अपराधी न वाटू देता, शेवटची दोन-तीन वाक्यं तुम्ही कशी म्हणाल?