‘दोन-तीन दिवसांआड’ म्हणजे नक्की किती दिवसांनी?

मृणाल: मूल हवं असणाऱ्या जोडप्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमधला आहे. त्याचा अर्थ असा, की महिनाभर दर दोन ते तीन दिवसांनी संबंध आले तर गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत चांगली. मी लिहिलं, ‘दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवावेत’. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून शेजारी ‘चूक!’ एवढंच लिहिलं. मी लहानपणापासून ‘दोन दिवसांआड’ हे ‘दर दोन दिवसांनी’ याच अर्थाने बोलत आले आहे. माझं चुकतंय का?

परभणीकर: चुकतंय ताई. हे आम्हाला नळाच्या पाण्याने शिकवलं. दिवसाआड पाणी म्हणजे सोमवारी आलं की बुधवारी. दोन दिवसांआड म्हणजे मधले दोन दिवस कोरडे, पाणी गुरुवारी. तीन दिवसांआड झालं की थेट शुक्रवार. ‘आड’ म्हणजे मध्ये येणारे दिवस मोजायचे. आमच्या घरी आई हंडे मोजूनच ठेवायची, तिथे एक दिवस चुकून चालत नव्हतं.

भाऊसाहेब: बरोबर. दाराआड, पडद्याआड, डोंगराआड, तसंच दिवसाआड. मध्ये जे उभं आहे तेवढंच मोजायचं. आमचे आजोबा एक दिवस सोडून येणाऱ्या तापाला एकांतरा म्हणत. बाकी मृणाल, ‘संबंध ठेवावेत’ हे मला खटकतं. संबंध पाहुण्यांशी ठेवतात. ‘समागम’ हा स्वच्छ शब्द असताना का टाळायचा? आणि गर्भ राहू शकतो त्या दिवसांना ‘ऋतुकाल’ हा जुना शब्द आहेच.

स्त्रीरोगवाली: मी या विषयातली डॉक्टर. आधी ‘आड’चं, कारण इथे खरंच नुकसान होऊ शकतं. 28 दिवसांची पाळी धरा. अंडं साधारण चौदाव्या दिवशी फुटतं आणि त्यानंतर जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून उपयोगाचे दिवस नऊ ते चौदा, असे सहा. त्यातही शेवटचे तीन, बारा-तेरा-चौदा, सर्वांत जोराचे. पंधरावा उजाडला की संधी जवळपास संपली.

आता मोजून बघा. दर दोन दिवसांनी किंवा दर तीन दिवसांनी, सुरुवात कुठल्याही दिवशी करा, त्या तिघांतला एक तरी दिवस सापडतोच. पण कोणी ‘तीन दिवसांआड’ हे परभणीकरांसारखं वाचलं आणि सातव्या दिवशी सुरू केलं तर सात, अकरा, पंधरा. बारा, तेरा, चौदा तिन्ही सुटले. अकराव्या दिवसाने गर्भ राहणारच नाही असं नाही, पण चांगले दिवस एका अक्षरापायी वाया गेले. तपासणाऱ्या बाईंची रेघ योग्य आहे.

राखीव: पण मॅडम, इतक्या वेळा का सांगता? आमच्याकडे सांगतात की आठ दिवस राखून ठेवावं, म्हणजे जोर राहतो. रोज केलं तर पातळ पडतं.

स्त्रीरोगवाली: तुमचं अर्धं खरं आहे. खंड पडला की एका वेळची संख्या वाढते. पण पाच दिवसांपलीकडे राखण्यात फायदा नाही, जुन्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. ज्यांचा वीर्याचा रिपोर्ट ठीक आहे त्यांचं रोजच्या संबंधांनी बिघडत नाही. नॉर्थ कॅरोलायनात 221 स्त्रियांचा अभ्यास झाला होता, तो 1995 साली छापून आला. त्या माहितीवरून काढलेला हिशेब असा: या सहा दिवसांत रोज संबंध आले तर त्या पाळीत गर्भ राहण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, दिवसाआड 33, आठवड्यातून एकदाच 15. रोज आणि दिवसाआड यांत चारच टक्क्यांचं अंतर. म्हणून ज्यांना रोज जमत नाही त्यांना मी दिवसाआडच सांगते, आणि तिथे ‘दिवसाआड’ हा शब्द सगळ्यांना एकसारखा कळतो.

रेवा: मृणाल, तुझ्या पत्रकात ‘पहिला दिवस’ कुठला ते आधी लिही. आम्ही आठ महिने बारा ते सोळा हे दिवस न चुकता पाळले. सासूबाई पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की तिथून मोजायच्या, मीही तसंच मोजलं. मग एकदा सोनोग्राफीला गेले. मी सांगितलं, आज अकरावा. डॉक्टरांनी पडद्याकडे बघत विचारलं, अकरावा कसा, अंडं तर फुटून गेलंय. हिशेब केला तर पाळी सुरू झाल्यापासून पंधरावा होता. म्हणजे आमचे बारा ते सोळा हे खरे सोळा ते वीस! आठही महिने सगळं आटोपल्यावर आम्ही सुरू करत होतो. त्या दिवशी मी रिक्षात रडले.

स्त्रीरोगवाली: रेवा, हे माझ्या ओपीडीत दर आठवड्याला दिसतं. रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला, आंघोळीचा नव्हे. आणि भाऊसाहेब, ‘ऋतुकाल’ नको म्हणते ते याचसाठी. मनुस्मृतीत ऋतूच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत, पहिल्या चार वर्ज्य, सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. तो शब्द वाचला की आजीला तेच आठवणार, आणि पत्रक वाचून घरात सम-विषम मोजायला बसतील.

भाऊसाहेब: शब्दाचा काय दोष? सुश्रुतात ऋतू बारा रात्रींचा आहे, म्हणजे तेव्हाही एकमत नव्हतं. नवा अर्थ देऊन जुना शब्द वापरावा, नाहीतर उद्या सगळी मराठी ‘पिरियड’ आणि ‘ओव्ह्युलेशन’ होईल.

परभणीकर: आमच्याकडच्या बायका ‘अंडं फुटायचे दिवस’ म्हणतात. तो काय परका शब्द आहे?

रेवा: माझी पाळी आता 34 दिवसांवर गेली आहे. मग चौदावाच धरायचा का?

स्त्रीरोगवाली: नाही. पुढच्या पाळीतून चौदा मागे मोजायचे, म्हणजे तुमचा साधारण विसावा आणि उपयोगाचे दिवस पंधरा ते वीस. पण पाळी मागेपुढे होत असेल तर आकड्यांवर राहू नका. अंगावरून जाणारं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत ताणलं जाणारं झालं की तेच दिवस. अंडं फुटण्याचा अंदाज देणाऱ्या लघवीच्या तपासणीच्या कीटवर रेघ गडद झाली की अंडं अजून दीड दिवसात फुटणार आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध यावेत, ‘आता फुटेल मग बघू’ म्हणून थांबू नका. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी हे ज्यांना जमतं त्यांना यातलं काहीच मोजावं लागत नाही.

मृणाल: सगळ्यांचे आभार. ‘दिवसांआड’ काढलं, ‘दर दोन ते तीन दिवसांनी’ केलं. आज तेवढं वाक्य दोन बायकांना वाचून दाखवलं आणि विचारलं, सोमवारी झालं तर दर तीन दिवसांनी म्हणजे कधी? एकीने पेरांवर मोजून गुरुवार सांगितला. दुसरीने सोमवारचं पेर धरून मोजलं आणि बुधवार म्हणाली. दोघींनाही खात्री होती.

स्त्रीरोगवाली: दोघींचंही भलंच होईल. पण सरळ वार लिहा: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार.

भाऊसाहेब: वार लिहिणं हा अनुवाद नव्हे. आणि ‘समागम’चं काय ठरलं?