जनरेशनपेक्षा साइड चेन बघा

"पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर फर्स्ट जनरेशन सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक टाळा, थर्ड सेफ."

ढोबळमानाने चालतं हे, पण यात सेफाझोलिन उगाच बाद होतं. रिअॅक्शन बहुतेक वेळा औषधाच्या रेणूला जोडलेल्या एका भागामुळे, म्हणजे आर-वन साइड चेनमुळे येते. समजा अॅमॉक्सिसिलिन घेतल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, तर सेफाड्रॉक्सिल नको कारण त्याची साइड चेन अगदी तीच, आणि सेफालेक्सिन, सेफाक्लोरही नको, त्यांची अँपिसिलिनसारखी म्हणजे जवळजवळ तीच. आता त्याच पेशंटचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं तर इन्फेक्शन टाळायला सेफाझोलिन सहसा चालतं, फर्स्ट जनरेशन असूनही, कारण त्याची साइड चेन कुठल्याच पेनिसिलिनशी जुळत नाही. हे माहीत नसल्याने सरळ व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन लावतात आणि त्यात जखमेत इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते, याचं मला फार वाईट वाटतं.

सेफ्ट्रायअॅक्सोन, सेफुरॉक्सिमच्या चेनही अॅमॉक्सिसिलिनपेक्षा वेगळ्या, म्हणून तेही चालतात. पण सेफ्ट्रायअॅक्सोनचीच रिअॅक्शन आली असेल तर सेफोटॅक्सिम, सेफेपिम टाळायचं, चेन सारखी आहे, सेफेपिम फोर्थ जनरेशन असलं तरी.

हे सगळं लगेच येणाऱ्या रिअॅक्शनचं झालं. कातडी सोलवटली होती, तोंडात फोड आले होते, स्टीव्हन्स-जॉन्सनसारखं काही, तर साइड चेनचा हिशोब करूच नका, पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनचा अख्खा गटच टाळायचा.