मदत हवी आहे: निफ्टीच्या साप्ताहिक चार्टवर पिचफोर्कची मधली रेघ भावाने गाठलीच नाही, माझं काय चुकलं?

निशिगंधा_सांगली

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रोज संध्याकाळी जुने चार्ट उघडून पिचफोर्क, म्हणजे तीन बिंदूंवरून काढलेल्या तीन समांतर रेघा, काढायचा सराव करते आहे. सौदे करत नाही, फक्त वहीत नोंदी ठेवते. जिथे वाचावं तिथे एकच वाक्य भेटतं, की पाचपैकी चार वेळा भाव मधल्या रेघेपर्यंत येतोच. ते तपासायला घेतलं आणि पहिल्याच मोठ्या आकृतीत अडकले.

पहिला बिंदू मार्च २०२० चा तळ, ७५११. दुसरा ऑक्टोबर २०२१ चा माथा, १८६०४. तिसरा जून २०२२ चा तळ, १५१८३. दुसऱ्या-तिसऱ्याचा मध्य साधारण १६८९३ ला येतो, त्यातून पहिल्या बिंदूपासून मधली रेघ ओढली, आणि तिला समांतर वरची रेघ दुसऱ्या बिंदूतून, खालची तिसऱ्यातून. १ डिसेंबर २०२२ ला निफ्टीने १८८८७ चा माथा केला, तेव्हा माझी मधली रेघ २०७८० च्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ १९०० अंक कमी पडले. पुढे जानेवारीत भावाने खालची रेघही तोडली, आणि मार्च २०२३ मध्ये १६८२८ पर्यंत खाली आला.

मी बिंदू चुकीचे निवडले, की हा नियमच इतका भरवशाचा नाही?

उदय_ठाणे

बिंदू ठीक आहेत. इतक्या लांब पल्ल्याच्या चार्टवर लॉग स्केल लावायचं असतं, म्हणजे सारख्या टक्क्यांच्या चालीला सारखी उंची, तुम्ही साध्या स्केलवर काढलंय. लॉग लावा, रेघ जागेवर येईल. आणि मधल्या रेघेपर्यंत न पोचता भाव फिरला तर तो हॅगोपियनचा नियम. उलट्या बाजूला मोठी चाल येते, आधी गेला होता त्याच्याही पलीकडे.

निशिगंधा_सांगली

उदयदादा, लॉग लावून पाहिलं. उलट बिघडलं. डिसेंबर २०२२ ला मधली रेघ २३४०० च्या वर गेली! खालची रेघ तर आणखी आधी तुटली.

सोयाबीनवाला_लातूर

ताई, माझाही हाच प्रश्न आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हापासून मी बाजार समितीच्या रोजच्या सरासरी भावावर चार्ट करतो. घरात ४० क्विंटल माल पडून आहे. मधली रेघ सध्याच्या भावापेक्षा बरीच वर दिसते. तिथवर थांबू का?

जुना_चार्टवाला

निशिगंधाताई, तुमचे तिन्ही बिंदू खरे आहेत, आकृतीही बरोबर आहे. अडचण रेघेच्या चढात आहे. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्यापर्यंत ९९ आठवडे होतात आणि तेवढ्यात रेघ ९३८२ अंक चढते. आठवड्याला जवळपास ९५ अंक. जून २०२२ ला निफ्टी १५१८३ वर होता आणि रेघ १८५०० वर. नुसतं अंतर तेवढंच राखायचं तरी निफ्टीने दर आठवड्याला ९५ अंक चढायला हवं होतं, आणि रेघ गाठायची तर त्याहून वेगाने. जूनच्या तळापासून डिसेंबरपर्यंत २४ आठवड्यांत तो ३७०० चढला, ही चांगलीच तेजी, तरी रेघ दूरच राहिली.

हा चढ कुठून आला? करोनाच्या घसरणीचा तळ फार खोल आणि टोकदार होता. त्या एका बिंदूने अख्खी आकृती उभी केली. लॉगवर तो तळ आणखी खोल दिसतो, म्हणून तिथे रेघ आणखी तिरकी झाली.

अशा वेळी शिफ पिचफोर्क काढतात. त्यात पहिला बिंदू त्याच तारखेवर ठेवून वर उचलायचा, पहिल्या आणि दुसऱ्या बिंदूंच्या भावाच्या मध्यावर. तुमच्या बाबतीत ७५११ ऐवजी साधारण १३०५७. बाकी दोन बिंदू तेच. काढून बघा आणि जे दिसेल ते इथे लिहा.

सोयाबीनवाले भाऊ, रोजच्या एका सरासरी आकड्यावर दिवसाचा खरा माथा-तळ दिसतच नाही, आणि समिती बंद असलेले दिवस मोजायचे की नाही यावर रेघेची जागा बदलते. शिवाय ही रेघ भाव कधी येईल ते सांगत नाही, तोवर मालाचं वजनही घटतं. या आकृतीवर माल धरून ठेवू नका, एवढंच मी सांगेन.

सोयाबीनवाला_लातूर

बरं. निम्मा माल या आठवड्यात काढतो. निम्म्याचं मन होत नाहीये अजून.

निशिगंधा_सांगली

जुनादादा, मी थक्क झालेय. चढ आठवड्याला ९५ वरून ३९ वर आला. ऑगस्ट २०२२ मध्ये निफ्टी १८००० जवळ गेला, तेव्हाच मधली रेघ गाठली होती, ती त्या वेळी १७९०० ला होती. मार्च २०२३ चा तळ १६८२८, आणि खालची रेघ त्या आठवड्यात १६७३० च्या आसपास. म्हणजे शंभरेक अंक वरूनच भाव परतला. आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा मधल्या रेघेवर, साधारण १९७६० ला!

उदय_ठाणे

वा! म्हणजे शिफच वापरायचं नेहमी. साधं सोडून द्या.

जुना_चार्टवाला

उदयराव, घाई नको. हे आपण सगळं घडून गेल्यावर काढलंय. साधं, शिफ आणि सुधारित शिफ अशा तीन जाती आहेत, पहिला बिंदू कुठला घ्यायचा याचेही दोन-तीन पर्याय असतात. इतक्या आकृत्यांतली एखादी जुन्या चार्टवर चपखल बसणारच. सुधारित शिफमध्ये पहिल्या बिंदूची तारीखही पहिल्या-दुसऱ्याच्या मध्यावर सरकवतात. ते मी आत्ता मोजलं, त्यात चढ ६६ येतो, डिसेंबर २०२२ ची मधली रेघ १९६०० आणि भाव तिथेही पोचत नाही. तिन्हींपैकी एकच जुळली.

तुमच्या हॅगोपियनचंही अर्धंच खरं ठरलं. साध्या आकृतीत भाव मधल्या रेघेला न शिवता फिरला, जानेवारीत खालची रेघ तोडून साधारण हजार अंक पडला. पण तिसऱ्या बिंदूच्या, १५१८३ च्या, खाली गेला नाही. त्या नियमावर विसंबून मंदी धरून बसलेल्याला सप्टेंबर २०२३ मध्ये निफ्टी २०२०० च्या वर दिसला असता.

निशिगंधाताई, कस लागायचा तर जात आधी ठरवा. तिसरा बिंदू पक्का झाल्याच्या दिवशीच आकृती काढून त्याचा फोटो वहीत चिकटवा, तारखेसकट. पुढचे बार झाकलेले असताना. अशा तीसेक आकृत्या झाल्या की तुमचा स्वतःचा आकडा हाती येईल.

मुक्ता_पुणे

एक शंका. पाचपैकी चार हा आकडा ॲलन अँड्र्यूज यांच्या शिकवणीतून आलाय, पण किती दिवसांत, हे त्यात धरलंय का? मुदतच नसेल तर भावाकडे येणाऱ्या रेघेला भाव बहुधा कधीतरी शिवणारच, आणि भावापासून दूर जाणाऱ्या रेघेबाबत 'अजून वेळ आहे' म्हणता येतं.

जुना_चार्टवाला

मुक्ताताई, मलाही तेच खटकतं. मी स्वतः मुदत घालतो: पहिल्या बिंदूपासून तिसऱ्यापर्यंत जितके बार, त्याच्या निम्मे. इथे ११६ चे निम्मे ५८ आठवडे. हा माझा हिशेब, नियम नव्हे.

निशिगंधा_सांगली

वहीत मुदतीचा रकाना वाढवला. एकच राहिलं. शिफच्या आकृतीत डिसेंबर २०२२ चा माथा मधल्या रेघेच्या ४०० अंक वर होता. याला 'गाठली' लिहू की 'ओलांडली'? दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर परत फिरणं आणि पार होणं यातला फरकच पुसला जातो.

जुना_चार्टवाला

दोन रकाने करा. मी इतकी वर्षं एकच ठेवला, आता माझ्या जुन्या वह्या पुन्हा उघडाव्या लागणार.