माफीचा व्हिडिओ 'जरा भावनिक' करून द्या म्हणे

शहापूरचा नेटवाला: बेळगावात आमच्या कंपनीचं नेट मंगळवारपासून 26 तास बंद होतं. मालक माफीचा व्हिडिओ टाकणार आहेत. स्क्रिप्ट अशी: "तांत्रिक अडचणीमुळे आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ग्राहक हेच आमचे दैवत." जरा भावनिक करून द्या की.

टिळकवाडीकर: वाचूनच डोकं फिरलं. "झालेल्या गैरसोयीबद्दल"! झाली कशी, आभाळातून पडली? कंपनीचं नाव झाकून हीच स्क्रिप्ट बँकेला द्या, पाणीवाल्याला द्या, कुठंही बसते. भावनेचं नंतर बघू. लोक कशावर चिडलेत ते आधी सांगा.

शहापूरचा नेटवाला: खानापूर रोडला जेसीबीनं केबल तोडली. बॅकअप होती, पण तीही त्याच चरातनं गेलेली. आणि खरं सांगायचं तर दिवसभर आम्ही सगळ्यांना "एक तासात येईल" सांगत होतो. संध्याकाळी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

टिळकवाडीकर: हे बघा, सापडलं! केबल तुटते हे लोकांना कळतं. त्यांनी ऑनलाईन परीक्षा, दुकानाचं बिलिंग त्या 'एक तासा'च्या भरवशावर ताटकळत ठेवलं. माफी त्याची मागा. असं बोला:

"मंगळवारी सकाळी 11 ला तुमचं नेट गेलं, ते बुधवारी दुपारी 1 ला आलं. केबल जेसीबीनं तोडली, पण बॅकअप त्याच चरात टाकली ती आम्ही. ती चूक आमची. त्याहून मोठी चूक म्हणजे किती वेळ लागेल ते माहीत नसताना आम्ही दिवसभर 'एक तास' सांगितलं आणि शेवटी फोन उचलणं बंद केलं. त्याबद्दल मी माफी मागतो. पुढच्या बिलात तीन दिवसांचे पैसे आपोआप कमी होतील, अर्ज नको. बॅकअप दुसऱ्या रस्त्यानं 30 तारखेपर्यंत टाकतोय."

"पुन्हा कधीच होणार नाही" हे घालू नका. जेसीबी तुमचं ऐकत नाही.

हिशेबनीस मामा: शाब्बास! 'चूक आमची' कॅमेऱ्यासमोर? उद्या ग्राहक आयोगात तोच व्हिडिओ पुरावा होईल. जेसीबीवाल्याकडनं भरपाई मागायची तर तीही बोंबलली. आणि तीन दिवस कशाला? 600 चा प्लॅन, दिवसाचे 20 रुपये. द्या 20 आणि सोडा.

टिळकवाडीकर: मामा, वीस रुपयांत माफी नाही, चेष्टा होते. साठ द्या. वकिलाचं म्हणाल तर अर्धं पटलं. कारण नक्की नसेल तर 'तपास चालू आहे' म्हणावं. पण फोन काढून ठेवला, त्याचा कसला तपास?

निपाणीची पोर: स्क्रिप्ट राहू दे, व्हिडिओ कुठल्या भाषेत? मागं एका ट्रॅव्हल्सनं आम्हाला रात्री दोनला हायवेवर उतरवलं, आईच्या पायाला प्लास्टर. माफी आली ती कन्नडमधनं, 'अनानुकूलक्कागि विषादिसुत्तेवे', खाली मराठीचं नाव नाही.

हिशेबनीस मामा: आलं सीमाप्रश्नाचं! नेट गेलं तेव्हा कन्नडवाल्याचं चालू होतं काय गा?

निपाणीची पोर: मामा, फोनवर शिव्या मराठीत खाल्ल्या ना, मग माफी पण मराठीत.

खानापूरचा मास्तर: आणि कन्नड गिऱ्हाइकांनी काय करायचं? माझ्या शाळेत दोन्हीकडची पोरं आहेत. दोन व्हिडिओ करा.

निपाणीची पोर: मास्तर, तुम्ही नेहमी मध्येच बसता.

टिळकवाडीकर: मास्तरांचं बरोबर आहे, पण एकाचा तर्जुमा दुसऱ्यात नको. मालकाला कन्नड येतं ना? मग 'नम्म तप्पु', म्हणजे 'चूक आमची', हे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं. कागद समोर नको, डोळे खाली जातात. मागं बासरी तर नकोच.

हिशेबनीस मामा: अशा खऱ्या माफीनं कुणाचं भलं झालंय एक दाखवा.

टिळकवाडीकर: 2007 चा फेब्रुवारी. न्यूयॉर्कला बर्फ पडलं, जेटब्लूचे प्रवासी तासन्‌तास विमानात अडकले. कंपनीचा संस्थापक आणि सीईओ डेव्हिड नीलमन यूट्यूबवर आला. बर्फाच्या आड न लपता आमची व्यवस्था कोलमडली म्हणाला, आणि उशिराप्रमाणे भरपाई जाहीर केली.

हिशेबनीस मामा: आणि मे महिन्यात त्याचं सीईओपद गेलं! ते का गाळलं?

टिळकवाडीकर: गेलं. ते माफीमुळं गेलं का गोंधळामुळं, हे तुम्ही सिद्ध करा.

शहापूरचा नेटवाला: मालकांना वाचून दाखवलं. साठ रुपये मंजूर, तारीख मंजूर. फोनचं वाक्य काढा म्हणतात, "ऑफिसातल्या पोरांची इज्जत जाते".

निपाणीची पोर: पोरांना 'एक तास' सांगायला कुणी सांगितलं होतं?

शहापूरचा नेटवाला: ...मालकांनीच.